उणे सत्तरचा हिशेब

१९५५ साली ॲलन हॉजकिन आणि रिचर्ड केन्स या दोन ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. स्क्विड आणि कटलफिश या समुद्री प्राण्यांच्या अंगात एक विलक्षण जाड चेतातंतू असतो. स्क्विडमध्ये त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाते. माणसाच्या मेंदूतल्या बहुतेक तंतूंच्या तुलनेत ती शेकडो पट आहे. या तंतूंत किरणोत्सारी सोडियम शिरवायचं आणि ते किती वेगानं बाहेरच्या पाण्यात येतं हे मोजायचं, असा प्रयोग होता. मग त्यांनी त्या पाण्यात डायनायट्रोफेनॉल नावाचं विष घातलं. हे विष पेशीची ऊर्जा तयार करण्याची व्यवस्था ठप्प करतं. सोडियम बाहेर येणं जवळजवळ थांबलं. विष धुऊन काढल्यावर ते पुन्हा सुरू झालं. सोडियम बाहेर फेकणारी काहीतरी यंत्रणा पेशीत आहे आणि ती ऊर्जेवर चालते, हे त्यावरून दिसलं.

पण त्या प्रयोगातली दुसरी नोंद जास्त बोलकी आहे. ही यंत्रणा बंद असताना तंतूच्या पटलावरचा विद्युतदाब फारसा बदलला नव्हता. तंतूला विजेचा हलका झटका दिला, तर संदेशही पूर्वीसारखाच धावत होता.

शाळा-कॉलेजात शिकलेल्या अनेकांना हे कोड्यात टाकेल. ‘चेतापेशीचा विश्रांती विभव कशामुळे निर्माण होतो?’ या प्रश्नाला ‘सोडियम-पोटॅशियम पंपामुळे’ असं उत्तर सर्रास लिहिलं जातं. ते खरं असतं, तर पंप थांबताच विभव कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही. मग हा विभव तयार कोण करतं? आणि पंप तो करत नसेल, तर मेंदू आपल्या ऊर्जेचा एवढा मोठा वाटा पंपावर कशासाठी खर्च करतो?

आत पोटॅशियम, बाहेर सोडियम

चेतापेशी शांत असते, कुठलाही संदेश पाठवत नसते, तेव्हाही तिच्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाबाचा फरक असतो. बाहेरची बाजू शून्य धरली, तर आतली बाजू सस्तन प्राण्यांत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट भरते. हाच विश्रांती विभव. एका व्होल्टच्या चौदाव्या भागाएवढा हा आकडा किरकोळ वाटतो. पण पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतं. एवढ्याशा अंतरात ७० मिलिव्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला सुमारे १ लाख ४० हजार व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट पुरतात. पटलात बसलेली प्रथिनं सतत एवढ्या ताणाखाली असतात. त्यातला थोडासा बदलही त्यांना जाणवतो, आणि चेतापेशीचा सगळा कारभार या जाणिवेवर चालतो.

आता पटलाच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहू. बाहेरच्या द्रवात सोडियम भरपूर असतं, लिटरमागे १४५ मिलिमोल. पोटॅशियम फक्त ४. आत याच्या उलट स्थिती आहे. पोटॅशियम १४०, सोडियम १२ च्या आसपास. हे दोन्ही आयन धन विद्युतभाराचे. बाहेर सोडियमच्या जोडीला ऋणभारित क्लोराइड असतं. आत पोटॅशियमच्या जोडीला प्रथिनं आणि फॉस्फेटयुक्त रेणू असतात. तेही ऋणभारित, पण आकारानं मोठे असल्यामुळे पेशीतून बाहेर पडू न शकणारे.

म्हणजे आत आणि बाहेर, दोन्हीकडे धन आणि ऋण भारांचा मेळ जवळजवळ पूर्ण बसलेला असतो. केवळ आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त असल्यानं विद्युतदाब निर्माण होत नाही. पटल पूर्णपणे बंद असतं, तर एवढी तफावत असूनही दाबाचा फरक शून्य राहिला असता.

गळतीतून तयार होणारा दाब

पटल पूर्ण बंद नसतं. त्यात पोटॅशियमसाठी कायम उघड्या राहणाऱ्या वाटा असतात. त्यांना गळती चॅनेल म्हणतात. आत पोटॅशियम पस्तीस पट जास्त, त्यामुळे ते या वाटांनी बाहेर झिरपू लागतं. बाहेर जाणारा प्रत्येक पोटॅशियम आयन आपला धनभार घेऊन जातो, पण त्याचा ऋणभारित जोडीदार आतच अडकून राहतो. म्हणून आतली बाजू थोडी ऋण होते. ही ऋण बाजू मग पोटॅशियमला मागे खेचू लागते. जितकं पोटॅशियम बाहेर जाईल, तितकी मागची ओढ वाढते. शेवटी दाटीमुळे बाहेर जाण्याचा जोर आणि विद्युतभारामुळे आत येण्याची ओढ यांची बरोबरी होते. त्यानंतर जेवढे आयन बाहेर जातात, तेवढेच परत येतात.

ही बरोबरी कोणत्या दाबाला होते ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांच्या सूत्रानं काढता येतं. शरीराच्या तापमानाला बाहेरचं प्रमाण भागिले आतलं प्रमाण, त्याचा लॉगरिथम घ्यायचा आणि ६१.५ नं गुणायचं. पोटॅशियमसाठी ४ भागिले १४० घेतले, की उत्तर येतं उणे ९५ मिलिव्होल्ट. जर्मनीतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ साली नेमकं हेच मांडलं होतं : शांत पेशीचं पटल पोटॅशियमला वाट देतं आणि त्यातूनच आतली बाजू ऋण होते. त्या काळी पटलातली चॅनेल कुणी पाहिलेली नव्हती, सोडियमचा पंप तर कल्पनेतही नव्हता.

यासाठी किती पोटॅशियम बाहेर जावं लागतं? एक पेशी घेऊन हिशेब करू. २० मायक्रोमीटर व्यासाची, चेंडूसारखी गोल चेतापेशी धरू. पेशीच्या पटलाची विद्युतभार साठवण्याची क्षमता प्रयोगांतून माहीत आहे : दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. त्यावरून या पेशीच्या पटलावर ७० मिलिव्होल्टचा फरक पाडायला साधारण ५५ लाख आयन पटलापलीकडे जावे लागतात. आकडा मोठा वाटतो. पण याच पेशीत पोटॅशियमचे आयन असतात सुमारे ३५ हजार कोटी. म्हणजे दर साठ-पासष्ट हजारांत एक आयन बाहेर गेला, की काम झालं. पेशीतल्या पोटॅशियमच्या प्रमाणात याने पडणारा फरक कुठल्याही रासायनिक चाचणीत दिसणार नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी लक्षात येतात. विभव क्षणार्धात उभा राहतो, कारण त्याला फार थोडे आयन लागतात. आणि साठ्याची तफावत कायम असेल तोवर विभवही टिकून राहतो, मग ती तफावत कुणी, केव्हा तयार केली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

धाकटा अडतो, थोरला सुटतो

पण ही गळती फक्त पोटॅशियमची कशी? सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. जिथून मोठा जातो, तिथून लहान सहज जायला हवा. तरीही पोटॅशियम चॅनेल सोडियमला अडवतं. याचं उत्तर १९९८ साली मिळालं. अमेरिकेतले रॉडरिक मॅकिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना क्ष-किरणांच्या साहाय्यानं अणूपर्यंत उलगडून दाखवली. २००३ साली मॅकिनन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाण्यात आयन कधीच एकटा नसतो. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी चिकटलेले असतात. चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागातून जायचं, तर हे पाणी सोडावं लागतं आणि पाणी सोडायला ऊर्जा लागते. त्या अरुंद भागाच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरानं बसलेले असतात, की पोटॅशियमला पाण्याऐवजी त्यांचा आधार तंतोतंत मिळतो. त्याला पाणी सोडणं जड जात नाही. सोडियम मात्र लहान असल्यामुळे त्याला सगळ्या बाजूंचे ऑक्सिजन अणू नीट जवळ मिळत नाहीत. पाणी सोडण्याची किंमत भरून निघत नाही, म्हणून ते आत शिरतच नाही. या काटेकोर निवडीनंतरही एका चॅनेलमधून सेकंदाला एक कोटीच्या घरात पोटॅशियम आयन जाऊ शकतात.

उणे ९५ नाही, उणे ७०

गणितानं उणे ९५ येतं, प्रत्यक्षात मोजलं तर उणे ७० भरतं. मधले पंचवीस मिलिव्होल्ट सोडियममुळे जातात. शांत पेशीच्या पटलात सोडियमला येऊ देणाऱ्या काही वाटाही असतात, पण फार थोड्या. हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९४९ साली स्क्विडच्या तंतूवर हे प्रमाण बसवलं : पोटॅशियमची वाट १०० धरली, तर सोडियमची सुमारे ४. हेच प्रमाण आपल्या वरच्या आकड्यांना लावलं आणि दोन्ही आयनांचा एकत्र हिशेब केला, की उत्तर उणे ७१ येतं. मोजमापाशी ते छान जुळतं.

पण या जुळण्याची किंमत मोजावी लागते. उणे ९५ ला पोटॅशियमची देवघेव बरोबरीत होती. उणे ७१ ला ती बरोबरी राहत नाही. पोटॅशियमला मागे खेचणारी ओढ आता अपुरी आहे, त्यामुळे ते थोडं थोडं बाहेर जातच राहतं. सोडियमच्या बाबतीत तर सगळंच त्याला आत ढकलणारं आहे. बाहेर ते बारा पट दाट, आणि आतली ऋण बाजू त्याच्या धनभाराला खेचते. म्हणून तेही थोडं थोडं आत येत राहतं. शिवाय संदेश जातो तेव्हा सोडियमची वेगळी चॅनेल क्षणभर उघडतात आणि आणखी सोडियम आत येतं. एका संदेशानं फारसं बिघडत नाही, पण ही आवक जमा होत जाते. पेशी शांत दिसली, तरी आतला साठा हळूहळू रिकामा होत असतो. पंपाची गरज पडते ती इथे.

खेकड्याच्या नसांतला पंप

हा पंप म्हणजे नेमका कोणता रेणू, हे डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातले डॉक्टर येन्स स्कौ यांनी शोधलं. ते मुळात भूल देणाऱ्या औषधांवर काम करत होते आणि त्यांना चेतापेशीच्या पटलात असलेलं एखादं विकर हवं होतं. त्यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातल्या नसा घेतल्या, त्या वाटून पटलाचे तुकडे वेगळे केले आणि त्यांत एटीपी घातलं. एटीपी हा पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू. पटलातलं एक विकर ते तोडत होतं, पण त्याचा वेग बाहेर कोणते क्षार आहेत यावर ठरत होता. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही एकत्र असले, की तो सर्वांत जास्त व्हायचा. हे संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झालं. शीर्षकात ‘पंप’ हा शब्द नव्हता.

पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या एका परिषदेत त्यांची अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट पोस्ट यांच्याशी भेट झाली. पोस्ट रक्ताच्या तांबड्या पेशींतल्या सोडियमच्या वाहतुकीवर काम करत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता : तुमचं विकर वाबाईननं बंद पडतं का? वाबाईन हे आफ्रिकेतल्या काही झाडांत सापडणारं विष. सोडियमची वाहतूक ते थांबवतं, हे स्वित्झर्लंडमधल्या शाट्समान यांनी १९५३ साली दाखवलं होतं. स्कौ यांना या पदार्थाची माहिती नव्हती. त्यांनी ऑर्हूसला कळवून चाचणी करवली. विकर बंद पडलं. खेकड्याच्या नसांतलं विकर आणि सोडियमचा पंप एकच होते. या कामासाठी स्कौ यांना १९९७ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा मिळाला.

पंपाचं काम आता बरंच तपशिलात माहीत आहे. सुरुवातीला त्याचं तोंड पेशीच्या आत उघडं असतं आणि तिथे तीन सोडियम आयन येऊन बसतात. मग एटीपीतला एक फॉस्फेट गट पंपाला येऊन चिकटतो. त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो, आतलं तोंड मिटतं आणि बाहेरचं उघडतं. या नव्या आकारात सोडियमला धरून ठेवणारी पकड ढिली पडते आणि तिन्ही आयन बाहेर सुटतात. आता त्या जागा पोटॅशियमला जास्त मानवतात. बाहेरचे दोन पोटॅशियम आयन आत शिरतात, फॉस्फेट गळून पडतो, बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि पोटॅशियम पेशीत सुटतं. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. ती तशी असती, तर पंपाचं चॅनेल होऊन सगळं परत वाहून गेलं असतं. दर फेरीला एक एटीपी लागतं आणि सेकंदाला फेऱ्या होतात शंभराच्या आसपास. चॅनेलच्या कोटीच्या वेगापुढे हा वेग मुंगीचा म्हणावा लागेल. त्यामुळे पटलात असे असंख्य पंप लागतात.

तीन बाहेर आणि दोन आत, म्हणजे दर फेरीला एक जादा धनभार बाहेर जातो. तेवढ्यापुरता पंप आतली बाजू थेटही ऋण करतो. पण किती? गणित सांगतं, की गळती आणि पंप यांचा मेळ बसलेल्या पेशीत पंपाचा हा थेट हातभार जास्तीत जास्त अकरा मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आपल्या आकड्यांच्या पेशीत तो सहाच्या आसपास येतो. बाकी सगळा विभव पोटॅशियमच्या गळतीचा.

पंप बंद पडला तर

आता १९५५ च्या प्रयोगाचा अर्थ लागतो. सोसायटीतल्या गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. नळाला पाणी येतं ते टाकीच्या उंचीमुळे. वीज गेली आणि खालची मोटर थांबली, तरी नळ लगेच कोरडा पडत नाही. टाकीतलं पाणी संपत आलं, की मात्र पडतो. चेतापेशीतला पोटॅशियमचा साठा म्हणजे ती टाकी आणि पंप म्हणजे खालची मोटर. पंप थांबला, की आधी त्याचा थेट हातभार जातो, तो काही मिलिव्होल्टचा. उरलेला विभव मग साठा रिकामा होईल त्या गतीनं उतरत जातो.

ही गती पेशीच्या जाडीवर ठरते. गळती पटलातून होते, साठा मात्र आतल्या सगळ्या जागेत असतो. तंतू जितका बारीक, तितकं आतल्या साठ्याच्या मानानं पटल जास्त. स्क्विडचा अर्धा मिलिमीटरचा तंतू आणि मेंदूतला अर्ध्या मायक्रोमीटरचा तंतू यांत हे प्रमाण हजार पटींनी बदलतं. गळतीचा दर सारखाच धरला, तर स्क्विडच्या तंतूत ज्याला तास लागतील, ते बारीक तंतूत सेकंदांत होऊ शकतं. स्क्विडचा तंतू विषातही हजारो संदेश वाहून नेऊ शकतो, त्याचं कारण त्याची जाडी. आपल्या मेंदूला अशी सवलत नाही.

वाबाईनच्या जातीचे पदार्थ आपल्याकडच्या कुंपणांवरही असतात. कण्हेर आणि बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर, यांच्या सर्व भागांत पंप अडवणारे असेच विषारी पदार्थ आहेत. हृदयविकारात अत्यंत मोजून-मापून दिलं जाणारं डिगॉक्सिन हे औषधही याच कुळातलं. यांच्या विषबाधेत रक्तातलं पोटॅशियम वाढतं, कारण शरीरभरच्या पेशींतले पंप बाहेर आलेलं पोटॅशियम परत आत घेऊ शकत नाहीत. पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बिघडते ती हृदयाची लय.

रक्तातलं पोटॅशियम वाढतं तेव्हा

विभव मुख्यतः पोटॅशियमच्या बाहेर-आत प्रमाणावर ठरतो, याचा पडताळा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत रोज येतो. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ असायला हवं. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकली नाहीत, तर ते ७-८ पर्यंत चढू शकतं. डायलिसिसच्या रुग्णांना नारळपाणी आणि केळी जपून किंवा अजिबात नको, असं सांगतात ते यासाठीच. आपल्या वरच्या पेशीभोवती ४ ऐवजी ८ पोटॅशियम ठेवलं, तर विभव उणे ७१ वरून उणे ६२ वर येतो. पंप ठणठणीत असतो, आतला साठाही शाबूत असतो. फक्त बाहेरचं पोटॅशियम वाढलं.

आतली बाजू कमी ऋण झाल्यानं पेशी संदेश द्यायला सोपी होईल असं वाटतं, आणि सुरुवातीला थोडं तसं होतंही. पण विभव असाच वर राहिला, तर संदेशासाठी उघडणारी सोडियम चॅनेल अडकून पडतात. ती पुन्हा तयार व्हायला विभव आधी पुरेसा खाली जावा लागतो. म्हणून स्नायूंत अशक्तपणा येतो आणि हृदयाची लय बिघडते. मेंदू यातून बराचसा वाचतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर मेंदूभोवतीचं पोटॅशियम वेगळं सांभाळतो.

उपचारांत पंपाचाच उपयोग केला जातो. हृदयाला तातडीचं संरक्षण म्हणून कॅल्शियम देतात. मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन देतात. इन्शुलिन पेशींतल्या पंपांचा वेग वाढवतं आणि काही मिनिटांत पोटॅशियम रक्तातून पेशींत जाऊ लागतं. शरीरातलं एकूण पोटॅशियम याने कमी होत नाही, फक्त जागा बदलते. ते बाहेर काढायला डायलिसिस लागतं.

पक्षाघातातली सीमारेषा

पंप खरोखर थांबतो तेव्हा काय होतं, हे पक्षाघातात दिसतं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीत लागणारा २० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन तो वापरतो. त्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा सोडियम बाहेर काढण्यात जातो. मेंदूत ऊर्जेचा साठा नगण्य असतो, त्यामुळे रक्तपुरवठा पूर्ण तुटला, की सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. पण तेव्हा पेशींचा विभव कोसळलेला नसतो. पेशी फक्त संदेश देणं थांबवतात. आणखी एक-दोन मिनिटांनी एटीपी संपतं, पंप थांबतो आणि बारीक तंतूंतला साठा बाहेर सांडू लागतो. पेशींबाहेरचं पोटॅशियम सुरुवातीला सावकाश चढतं आणि मग एकदम ५०-६० च्या पुढे उसळतं. आत-बाहेरचा फरक जवळजवळ मिटल्यानं विभव शून्याकडे जातो. सोडियम आणि क्लोराइड आत शिरतात, त्यांच्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगतात.

रक्तवाहिनीत गुठळी अडकते तेव्हा मात्र सगळीकडचा पुरवठा एकसारखा तुटत नाही. १९७७ साली आस्ट्रुप, सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूत रक्ताचा प्रवाह टप्प्याटप्प्यानं कमी केला. निरोगी मेंदूत तो दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर असतो. तो १५ च्या आसपास आला, तेव्हा मेंदूचे विद्युत संदेश थांबले, पण पोटॅशियम बाहेर सांडलं नाही. ते सांडायला प्रवाह १० च्याही बराच खाली जावा लागला. या दोन पातळ्यांच्या मधला भाग मुका असतो, पण तिथले पंप चालू असतात. रक्त वेळेत परत आलं, तर तो सावरू शकतो. पंप थांबलेला आतला भाग बहुतेक वेळा हातचा जातो.

पक्षाघाताच्या रुग्णाला ‘पहिल्या साडेचार तासांत आणा’ असं सांगतात, कारण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची नेहमीची मुदत तेवढी आहे. मधला भाग तोवरच थोडा-थोडा आतल्या भागात जमा होत जातो. उशिरा आलेल्या निवडक रुग्णांत काही करता येईल का, हे पाहायला डॉक्टर दोन प्रकारचे एमआरआय एकत्र वाचतात. एकात रक्तप्रवाह कुठे कमी आहे ते दिसतं. दुसऱ्यात, डिफ्यूजन एमआरआयमध्ये, पाण्याच्या रेणूंची हालचाल कुठे अडकली आहे ते दिसतं. पंप थांबून पेशी फुगल्या, की पाणी त्यांच्यात कोंडलं जातं आणि तो भाग पांढरा चमकतो. प्रवाह कमी आहे, पण पांढरा डाग नाही, असा भाग मोठा असेल, तर ढोबळमानानं तिथले पंप अजून चालू आहेत असं धरतात. त्या भागासाठी गुठळी काढण्याची धडपड साडेचार तासांनंतरही करता येते.